आजी-आजोबा सोडून काहीही

बाळाचं नाव ठेवणं त्या मानाने सोपं. आत्या कानाशी वाकून कुर्र करते, पाठीत चार धपाटे खाते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि ज्याचं नाव ठेवलं त्याला हरकत नोंदवायला निदान पाच-सहा वर्षं लागतात. सत्तरीच्या माणसांसाठी काढलेल्या जागेचं नाव ठेवायचं तर सगळंच उलटं. ज्यांच्यासाठी ठेवायचं ते सगळे निवृत्त असतात, त्यांना वेळ असतो, मत असतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लाल शाईने दुरुस्त केलेले असतात.

माझ्या पुतणीने सहकारनगरात तळमजल्यावरचा एक हॉल घेतला. साठीच्या पुढच्यांना तिथे सावकाश, आधाराने व्यायाम शिकवायचा. ती फिजिओथेरपिस्ट नाही, आणि हे ती कुणी विचारायच्या आत सांगते. वयस्क माणसांना व्यायाम कसा द्यायचा याचं रीतसर शिक्षण मात्र तिने घेतलेलं आहे. पाय घसरणार नाही अशी फरशी झाली, बिनचाकांच्या भक्कम खुर्च्या आल्या, ताणायचे रबरी पट्टे आले, संडासात धरायला दांडे बसले. नाव तेवढं राहिलं. माझी नोकरी जाहिरात संस्थेत झाली, साबणापासून पंख्यापर्यंत बऱ्याच निर्जीव वस्तूंना मी नावं दिली आहेत, शिवाय मी 68 वर्षांचा, म्हणजे गिऱ्हाईकही घरातलंच. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तिची अट एकच होती. "काका, आजी-आजोबा सोडून काहीही चालेल."

अट ऐकून मला बरं वाटलं. मुंबईत गिरगाव चौपाटीवर नाना-नानी पार्क झाला, आणि मग गावोगावच्या बागांना तेच नाव लागत गेलं. बाग चांगली, बाकं चांगली, हेतूही चांगला. पण फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला नातवंडं आहेत हे नगरपालिकेने परस्पर ठरवून टाकलं. माझी थोरली बहीण अविवाहित. संख्याशास्त्राची प्राध्यापक होती. तिला कुणी 'नानी' म्हटलं तर ती आधी नमुना किती मोठा घेतला होता ते विचारेल.

तसं पाहिलं तर आपल्याकडे परक्या माणसालाही नात्यानेच हाक मारतात. बँकेतला मुलगा मला काका म्हणतो, भाजीवाली बाबा म्हणते, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. हाक हवेत विरते. पाटीवर रंगवली की तीच वर्गवारी होते. आणि पाटीवर 'आजी-आजोबा' लिहिलं की आत काय बोललं जाणार हेही ठरून जातं: "चला आजी, आता आपण हात वर करणार हं! अस्सं! शाब्बास!" ज्या बाईंनी टेलिफोन खात्यात दीडशे माणसं हाताखाली ठेवली, त्यांना हात वर केल्याबद्दल शाब्बास म्हणायला फार धैर्य लागतं, किंवा फार कमी अक्कल.

मी घरच्या गटावर निरोप टाकला की नावं सुचवा. ही सूचना पुण्यातल्या कुटुंबाला देण्याआधी जेवून घ्यावं.

पहिली लाट संध्याकाळची आली. सांजवेळ, सांजवात, सायंतारा, मावळतीचे रंग, आणि माझ्या मेव्हण्याकडून, अतिशय कौतुकाने, संध्याछाया. 'संध्याछाया' हे जयवंत दळवींचं नाटक. त्यात दोन मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं एक म्हातारं जोडपं आहे आणि त्याचा शेवट ज्यांनी पाहिलाय ते अजून विसरलेले नाहीत. त्या नावाखाली गुडघे वर उचलायला कोण धजेल? आणि मुळात वर्ग सकाळी सातला भरणार. उजाडताना घरातून निघालेल्या माणसाला रोज मावळतीची पाटी दाखवायची म्हणजे खगोलशास्त्राचाही अपमान.

दुसरी लाट बरोबर उलट्या दिशेची. चिरतरुण, सदाबहार, साठीतली तरुणाई, सेकंड इनिंग. ही नावं सुचवणारे सगळे पंचेचाळिशीच्या आतले होते. सेकंड इनिंगवाल्याला मी विचारलं की, बाबा, तू क्रिकेट पाहतोस का? कसोटीत दुसऱ्या डावाला उतरायचं म्हणजे चौथा-पाचवा दिवस, खेळपट्टी फुटलेली, चेंडू वळतोय, आणि पहिल्या डावात तू बाद झाला होतास हे धावफलकावर लिहिलेलं. 'चिरतरुण'चा दोष वेगळा आहे. सत्तरीच्या माणसाला तरुण म्हणणं ही स्तुती वाटते, पण तिच्या पोटात 'तरुण नसणं वाईट' हे वाक्य दडलेलं असतं. परदेशातही या खेळाचे बळी आहेतच. अमेरिकेत वयस्कांच्या व्यायामाचा 'सिल्व्हरस्नीकर्स' नावाचा मोठा कार्यक्रम आहे. चंदेरी बूट! निदान त्यांनी चांदी डोक्यावरून पायात तरी आणली. आपल्याकडे सिल्व्हर लावलं की लोकांना दागिन्यांचं दुकान वाटतं, आणि घडणावळ किती हे विचारायला येतात.

मग माझ्या मोठ्या भावाने संस्कृतचा पेटारा उघडला, आणि त्यातलं जे हाताला लागेल ते सरकारने आधीच नेलेलं निघालं. अमृत म्हणावं, तर 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत फुकट प्रवास देणाऱ्या योजनेचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. वयोश्री म्हणावं, तर ती केंद्राची एक योजना आणि 2024 पासून राज्याचीही एक. राज्याच्या योजनेत चष्मा, कंबरपट्टा, काठी अशा साधनांसाठी 3000 रुपये खात्यात जमा होतात. आयुष्मान म्हणावं, तर सत्तरीच्या पुढच्यांचं उपचाराचं कार्डच 'आयुष्मान वय वंदना'. यातलं कुठलंही नाव लावलं असतं तर पहिल्याच सकाळी आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन रांग लागली असती, आणि व्यायामाला पैसे पडतात हे कळल्यावर आमदारांच्या कार्यालयात फोन गेला असता.

खरा दलदलीचा भाग पुढे होता. तो म्हणजे दवाखाना.

केअर, क्युअर, रिहॅब, ऑर्थो, वेलनेस. आणि मराठीत संजीवनी, निरामय, आरोग्यधाम, धन्वंतरी. यातला कुठलाही शब्द उच्चारून पाहा, नाकात फिनेलचा वास येतो. माझ्या भाच्याने तर 'सुवर्णसंधी' सुचवलं. संधी म्हणजे सांधा, आणि सुवर्ण म्हणजे ज्येष्ठत्व, असं त्याने सविस्तर समजावून सांगितलं. नाव हुशारीचं होतं. मला ते शिक्रापूरजवळच्या एनए प्लॉटच्या जाहिरातीत फार शोभून दिसलं असतं.

दवाखानी नावाचं नुकसान केवळ चवीचं नाही. पाटी पाहून लोक काय बरोबर आणतात यावरून ते मोजता येतं. वैद्यकीय वाटणारं नाव असलं की माणूस फाइल घेऊन येतो. मणक्याचा एमआरआय, 2011 सालची रक्ततपासणी, आणि "जरा बघता का" अशी सुरुवात. तो बरा व्हायला आलेला असतो, म्हणून महिन्याभराने "फरक पडला नाही" म्हणून जातो. किंवा फरक पडला, तर "आता बरा झालो" म्हणून जातो. दोन्हीकडून तो जातोच. व्यायामाचा तर सगळा कस 'न थांबणे' यात. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरच्यांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम गतीची हालचाल सांगते, दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. हे वेळापत्रक उरलेल्या आयुष्याचं आहे, पाच दिवसांच्या गोळ्यांच्या पाकिटासारखं ते संपत नाही. जिथून डिस्चार्ज मिळत नाही अशा जागेला इस्पितळाचं नाव देणं हे अशुभही आहे.

शिवाय अधिकाराचा प्रश्न येतो. 'फिजिओ' हा शब्द पाटीवर घालायचा तर आत नोंदणी झालेला फिजिओथेरपिस्ट बसलेला हवा. 'गुडघेदुखीपासून मुक्ती' असं लिहायचं तर मुक्ती देता आली पाहिजे. ट्रेडमार्कच्या वर्गवारीतसुद्धा या दोन गोष्टी निरनिराळ्या घरांत राहतात: व्यायामाचे वर्ग, खेळ, शिक्षण 41 व्या वर्गात, वैद्यकीय सेवा 44 व्यात. पुतणीचं घर 41. तिने 44 च्या दारावर आपली पाटी लावू नये.

'स्टुडिओ' हा तिचा आवडता शब्द होता. तो मी काढायला लावला. आमच्या पिढीच्या डोक्यात स्टुडिओ म्हणजे फोटोचा. आणि या वयात फोटो स्टुडिओत जाऊन मोठा, चांगला, सुटा फोटो काढून घेणं कशासाठी असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'केंद्र' म्हटलं की लसीकरण आठवतं, 'मंडळ' म्हटलं की वर्गणी. पालिकेच्या 'विरंगुळा केंद्रां'बद्दल मला आदर आहे, तिथे कॅरम फार वरच्या दर्जाचा चालतो. पण तिथे जाण्यासाठी माणसाला आधी कंटाळा आलेला असावा लागतो, अशी त्या नावाची अट आहे.

इतकं गाळल्यावर एक विशेषण उरलं, आणि त्याने सगळ्यात जास्त घाम काढला. व्यायाम कसला, तर झटापटीचा नव्हे, उड्यांचा नव्हे, जोर काढायला लावणारा नव्हे. मग कसला? मी म्हटलं, सौम्य. बायको ताबडतोब म्हणाली, "सौम्य फक्त झटका असतो." खरं आहे. वर्तमानपत्रांनी तो शब्द हृदयविकाराच्या शेजारी इतकी वर्षं छापलाय की आता तो एकटा कुठे जाऊच शकत नाही. हलका? हलका आहार, हलका ताप, आणि डॉक्टरांचं "थोडं हलकंफुलकं चालत जा." सोपा? पर्वती रोज चढणाऱ्या माणसाला सोपा म्हणून बघा. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत आणि तिथे सकाळी भेटणारी पंचाहत्तरीची मंडळी शिवाजीनगरच्या जिममधल्या पोरांकडे दयेने बघतात. मंद हा शब्द माणसांच्या आसपास नको. मृदू म्हटलं की भात आठवतो.

बऱ्याच वेळाने 'सावकाश' सापडलं. सावकाश हा शब्द आपण म्हाताऱ्यांना राखून ठेवलेला नाही, हे त्याचं मोठेपण. पंगतीत यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणतो तेव्हा तो ऐंशीच्या आजोबांना म्हणतो आणि जिलबीच्या पैजेला बसलेल्या पंचविशीच्या पठ्ठ्यालाही म्हणतो. त्यात 'तुम्हाला जमणार नाही' असं नाही; 'घाई करायचं कारण नाही' एवढंच आहे. नाव म्हणून मात्र तो शब्द अडखळतो, कारण 'सावकाश' अशी मोठी पाटी रस्त्याला लावली की वाहनं सावकाश चालवा, पुढे शाळा आहे, असा अर्थ निघतो. आमच्या रस्त्याला त्याचा उपयोग झाला असता. तरी तो शब्द मी नावाखालच्या ओळीसाठी राखून ठेवला.

ही खालची ओळ ही आमच्या धंद्यातली जुनी सोय. नावाने सगळं सांगायचं नसतं. नावाने ओळखायचं, आणि काय मिळतं ते खालच्या ओळीने साध्या भाषेत सांगायचं. लोक घोटाळा करतात तो इथे: वय, आजार, फायदा, आपुलकी, चौघांना एकाच शब्दात कोंबतात, आणि मग 'ज्येष्ठारोग्यानंद' जन्माला येतं.

कायद्यालाही हे कोंबणं पसंत नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या नवव्या कलमात नुसतं वर्णन करणारं नाव नोंदवायला हरकत आहे. 'ज्येष्ठ नागरिक व्यायाम वर्ग' हे वर्णन झालं. ते कुणा एकाच्या मालकीचं कसं करणार? उद्या समोरच्या गल्लीत कुणी तेच लिहिलं तर पुतणीला फक्त बघत बसावं लागलं असतं.

मग नाव कसं ठेवायचं, याचं उत्तर पुण्याच्या पेठांमध्ये रंगवून ठेवलेलं आहे, आणि ते व्यायामाचंच आहे. शुक्रवार पेठेत चिंचेची तालीम आहे. चिंचेची. तिथे पैलवान घडले, पण कुणी तिला 'बलवर्धन मल्ल विकास केंद्र' म्हटलं नाही. कोल्हापुरात गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम. एक वेशीच्या नावाची, एक बागेच्या. बलाची देवता जो मारुती, त्यालासुद्धा पुण्याने जिलब्या, डुल्या, पत्र्या अशी नावं दिली, आणि त्याच्या शक्तीत त्यामुळे काही घट झाल्याचं ऐकिवात नाही. जुन्या लोकांनी झाडाचं, वेशीचं, वस्तादाचं नाव दिलं. येणाऱ्याचं वय, वजन किंवा व्यंग पाटीवर कधी चढवलं नाही. येणारा कसा आहे हे येणारा आणि वस्ताद बघून घेतील.

तेव्हा झाड शोधायला आम्ही हॉलबाहेर गेलो. समोर एक गुलमोहर होता आणि त्याच्याखाली कचऱ्याचा डबा. 'गुलमोहर' नावाच्या सोसायट्या सहकारनगरात किती आहेत हे टपालखात्याला विचारा. झाड बाद झालं.

आत आलो तेव्हा तिचा चाचणीचा वर्ग चालू होता. शेजारपाजारची सात-आठ माणसं, फुकट. मी नावं विसरून नुसतं बघत बसलो. खुर्ची भिंतीला टेकवलेली. माणूस खुर्चीच्या मध्यभागी बसतो, दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवतो, पावलं जमिनीवर सपाट. "आता." उभं राहायचं, पूर्ण, बसायचं, धपकन नव्हे. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता आलं ते मोजायचं. ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. 65 ते 69 वयात पुरुष 12 च्या खाली आणि स्त्री 11 च्या खाली गेली तर मांड्यांची ताकद सरासरीहून कमी समजतात आणि पडण्याचा धोका जास्त धरतात. हात टेकवून उठलात तर तो आकडा शून्य. मग खुर्चीच्या पाठीमागे उभं राहून टाचा उचलणं, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून दहा सेकंद उभं राहणं. हे शेवटचं दिसायला पोरकट दिसतं. कडेला मीही करून पाहिलं, आणि पंख्याचा वारा किती जोराचा असतो ते कळलं.

सगळा तास तेच: उठा, बसा, उठा, बसा. घरी संडासातून उठणं, रिक्षात बसणं, सोफ्यातून बाहेर येणं, देवापुढून उठणं. या वयातलं स्वातंत्र्य बरंचसं या एका हालचालीवर टांगलेलं असतं. मी पुतणीला म्हटलं, "उठबस."

ती म्हणाली, "काय?"

"नाव. उठबस."

चाचणीच्या वर्गातच मतदान झालं. पहिली हरकत एका निवृत्त मुख्याध्यापकांची. त्यांचं म्हणणं, हे ऐकून उठाबशा आठवतात. "मी पोरांना कान धरून काढायला लावल्या. आता फी भरून स्वतः काढू?" यावर त्यांच्याच शाळेत शिकलेले, आता 61 वर्षांचे एक गृहस्थ मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "सर, तुमची नाव नोंदवायची फी मी भरतो, पण तुम्ही याच." सभेचा कल तिथेच फिरला. दुसरी हरकत एका काकूंची होती, पण ती हरकत निघालीच नाही. त्या म्हणाल्या, "आख्खं आयुष्य सासरच्या पाहुण्यांची उठबस केली. आता माझी कुणीतरी करा." तिसरे एक जण, माजी कारकून, म्हणाले की 'त्याची मोठ्या लोकांत उठबस आहे' असं म्हणतात, तेव्हा घरी सांगायलाही बरं. ठराव मंजूर.

मी मात्र जाहिरातीतला असल्याने फोनची परीक्षा घेतल्याशिवाय कुठलंही नाव पास करत नाही. परीक्षा अशी: माणूस वर्गात आहे, मुलाचा फोन येतो, आणि तो वाक्य म्हणतो, "नंतर बोलतो, मी अमुकमध्ये आहे." गाळलेली नावं त्यात घालून बघा. "मी संजीवनीत आहे." मुलगा बंगळूरहून विमान पकडतो. "मी संध्याछायेत आहे." मुलगी रडते. "मी चिरतरुणला आहे." सून नवऱ्याकडे बघते. "मी नाना-नानीत आहे." नातू विचारतो, भेळ आणणार का? आणि "मी उठबसला आहे." यावर कुणी काही विचारत नाही, "बरं, झाल्यावर करा" म्हणतं. ज्या नावाचा खुलासा करावा लागत नाही ते चांगलं.

पाटीचं काम मी स्वतः अंगावर घेतलं, कारण नाव बरोबर असून पाटीत मार खाल्लेले धंदे मी पाहिलेत. आपल्या राज्यात 2022 च्या दुरुस्तीपासून दुकान कितीही लहान असो, पाटीवर मराठी देवनागरीत नाव हवं, आणि शेजारी दुसरी लिपी असली तर मराठी अक्षरं तिच्याहून लहान नकोत. हा नियम या गिऱ्हाइकाला फारच सोयीचा. पाटीवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. आमचा रस्ता चाळीस फुटी, म्हणजे चार इंच. मी आठ सांगितलं. मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्याला चार इंच पुरत नाही. चकचकीत ॲक्रिलिक नको म्हटलं, त्यावर ऊन पडलं की अक्षरंच जातात. मागून दिवे असलेलीही नको, मोतीबिंदूवाल्याला दिव्याभोवती खळं दिसतं. फिक्या पाटीवर गडद अक्षरं, मॅट. पाटीवाला म्हणाला, "साहेब, फार साधी होईल." मी म्हटलं, वाचता येईल.

आणि इथे 'उठबस'चा एक गुण कळला जो आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. उ, ठ, ब, स. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. बिघडवायला काही नाहीच. याच्या तुलनेत 'ज्येष्ठ' घ्या: दोनच अक्षरं, दोन्ही जोडाक्षरं, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या पाट्यांवर ते 'जेष्ठ' असं रंगवलेलं असतं. तशी पाटी आमच्याकडे लागली असती तर मुख्याध्यापक सर रोज सकाळी सात वाजता खाली उभे राहिले असते, आणि व्यायामाला आत कुणी गेलंच नसतं.

खालच्या ओळीवर भांडण झालं, पण थोडं. पुतणीला 'साठीनंतर' घालायचं होतं, कारण तसं नाही लिहिलं तर पोरं येतील. मी म्हटलं, खुर्च्या दिसल्यावर पोरं आपोआप जातील. शेवटी ओळ अशी ठरली: 'सावकाश व्यायाम. खुर्चीवर आणि खुर्चीच्या आधाराने. सकाळी 7 आणि 8.15.' त्याखाली फोन नंबर, तोही आठ इंची असावा असं माझं मत होतं, पण भिंत संपली. वय कुठेच नाही, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते बरोबर कळलं. ते ओळ वाचतात, खुर्ची बघतात आणि आत येतात. 'हे किती वयाच्या लोकांसाठी आहे?' असं विचारायला येतात ती त्यांची मुलं.

ट्रेडमार्कचा अर्ज 41 व्या वर्गात गेलाय. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन भरला तर फी 4500 रुपये, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं. त्याआधी सारख्या उच्चाराची नावं शोधून घ्यायची असतात, तीही शोधली. वकिलांना विचारलं की नववं कलम आडवं येईल का. ते म्हणाले, नाव सूचक आहे, वर्णन नाही, लढता येईल. त्यांचंही वय 64 आहे. हे बोलताना ते खुर्चीचे हात धरून उठले, ते पुतणीने पाहिलं, आणि आता ते 8.15 च्या वर्गाला असतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणी असं काही काढत असेल आणि तुम्हाला नाव विचारलं, तर सूर्यास्त, नातवंडं आणि इस्पितळ या तिन्हींपासून दूर राहा, आणि सुचलेलं नाव आधी फोनवर मोठ्याने म्हणून बघा. नाव कुणासाठी आहे याबद्दल शंका असेल, तर आत्ता हे वाचताना बसला आहात ती खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर ठेवा आणि उठा. हात टेकावा लागला, तर वय विचारत नाही, 7 चा वर्ग भरलाय, 8.15 ला जागा आहे.